पुढच्या तारखेचे चेक आणि उधारीचं खातं: नोंद कुठे करायची, चेक परत आला तर काय करायचं

होलसेलमध्ये उधारीची वसुली करणाऱ्या नव्या माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात पुढच्या तारखेचे चेक येतात. पार्टी म्हणते, "हे घ्या, पैसे दिले." सेल्समनही तेच म्हणतो. नवा माणूस खातं उघडतो, पार्टीच्या नावावर रक्कम जमा करतो आणि बाकी शून्य झाली म्हणून खूश होतो. पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पैसे अजून आलेलेच नाहीत. आलेला आहे तो कागद, आणि तो ठरावीक तारखेच्या आधी बँकेत लावताही येत नाही. म्हणून दोन प्रश्न सुरुवातीपासून वेगळे ठेवायचे. पार्टीकडून येणं किती, याचं उत्तर खातं देतं. त्या येण्यापोटी आपल्या हातात कागद किती, याचं उत्तर चेकची नोंदवही देते. एकाच आकड्यातून दोन्ही उत्तरं काढायला गेलं की दोन्ही चुकतात.

चेक हातात आला त्या दिवशी

आधी चेक नीट वाचा. तारीख कोणती आहे, अंकातली आणि अक्षरातली रक्कम जुळते का, आपल्या फर्मचं नाव बँकेतल्या खात्यावर आहे तसंच लिहिलंय का, सही आहे का, कुठे खाडाखोड आहे का, एवढं पाहायला अर्धा मिनिट लागतो. पुढच्या तारखेच्या चेकमध्ये ही चूक जास्त महाग पडते, कारण ती कळते तेव्हा महिना-दीड महिना उलटून गेलेला असतो. नव्या वर्षाचा चेक जुन्या वर्षाची तारीख घालून देणं ही तर नेहमीची गोष्ट, आणि ती बहुतेक वेळा खरोखरच नजरचूक असते.

मग दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि नोंदवहीत ओळ लिहा. ओळीत अनुक्रमांक, चेक मिळाल्याची तारीख, पार्टी, बँक, चेक नंबर, चेकवरची तारीख, रक्कम, कोणत्या बिलांपोटी आणि सद्यस्थिती हे सगळं हवं. शेवटी भरल्याची तारीख, निकालाची तारीख आणि शेरा यांना रिकाम्या जागा सोडा. यातला "कोणत्या बिलांपोटी" हा रकाना नवी माणसं हमखास गाळतात. पार्टीने चेक देताना कोणती बिलं सांगितली, हे त्याच दिवशी विचारून लिहा. चेक परत आला की याच रकान्याची गरज पडते, आणि तोपर्यंत ते कोणाच्याच लक्षात उरलेलं नसतं.

सद्यस्थितीसाठी मोजके शब्द ठरवा आणि सगळ्यांनी तेच वापरा: हातात, भरला, वटला, परत आला, बदलून घेतला. एकाने "बाऊन्स", दुसऱ्याने "रिटर्न", तिसऱ्याने "परत" लिहिलं, की बेरीज लागत नाही.

पार्टीला पोच द्यायची, पण पोचेवर "पुढच्या तारखेचा चेक मिळाला, वटला तरच जमा धरला जाईल" असं स्पष्ट लिहायचं. नेहमीची रक्कम मिळाल्याची पावती फाडू नका. ती पावती पुढे वादात आपल्याच विरुद्ध पुढे येते.

मूळ चेक तारखेच्या क्रमाने ठेवायचे, पार्टीच्या नावाने नाही. आपल्याला रोज पडणारा प्रश्न "अमुक पार्टीचे चेक कुठे" हा नसतो, "आज कोणते भरायचे" हा असतो. महिन्यांचे कप्पे असलेली फाइल आणि चालू महिन्यासाठी तारखांचे कप्पे, एवढं पुरतं.

खात्यात काय लिहायचं, आणि कधी

माझं मत स्पष्ट आहे: चेक बँकेत भरेपर्यंत पार्टीच्या खात्यात काहीही लिहू नका. काही ठिकाणी "हातातले चेक" असं वेगळं खातं उघडून, चेक मिळताच पार्टी जमा आणि हे खातं नावे, अशी नोंद करतात. पद्धत चुकीची नाही, पण तिच्यात पार्टीची बाकी कमी दिसते आणि माल सोडणारा माणूस तीच बाकी पाहतो. नव्याने शिकणाऱ्याने साधी वाट धरावी. काही सॉफ्टवेअरमध्ये नोंद पुढच्या तारखेची म्हणून ठेवता येते आणि ती तारीख आल्यावरच खात्यात उतरते. ती सोय असेल तर वापरा, पण त्या तारखेला चेक खरोखर भरला गेला का, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. नोंद आपोआप उतरली आणि चेक कप्प्यातच राहिला, असं होतं.

नोंदवही स्प्रेडशीटमध्ये असेल, पार्टी C रकान्यात, चेकची तारीख F मध्ये, रक्कम G मध्ये आणि सद्यस्थिती I मध्ये असेल, तर दोन सूत्रं बरंच काम करतात. पहिलं आज भरायचे चेक दाखवतं. दुसरं एखाद्या पार्टीचे हातात किती चेक आहेत ते सांगतं. पार्टीचं नाव P1 मध्ये टाकायचं.

```
=IF(AND(I2="हातात",F2<=TODAY()),"आज भरा","")
=SUMIFS(G:G,C:C,P1,I:I,"हातात")
```

पहिल्या सूत्रात "बरोबर आजची तारीख" असं न ठेवता "आज किंवा त्याआधीची" असं मुद्दाम ठेवलं आहे. सुट्टीच्या दिवसाची तारीख असलेला चेक नाहीतर यादीतून कायमचा निसटतो.

आठवड्यातून एकदा कप्प्यातले चेक प्रत्यक्ष मोजा आणि त्यांची बेरीज नोंदवहीतल्या "हातात" या बेरजेशी जुळवा. जो नोंदवही लिहितो त्याने मोजू नये, दुसऱ्याने मोजावं. फरक आला तर बहुतेक वेळा एखादा चेक सेल्समनने "पार्टीने मागितला" म्हणून परत दिलेला असतो आणि ते कोणाला सांगितलेलं नसतं.

एक पार्टी, दोन बिलं

आता प्रत्यक्ष हिशोब घेऊ. एका पार्टीला ४५ दिवसांची उधारी आहे आणि उधारीची मर्यादा २,५०,००० आहे. बिल ४१२, तारीख ४ एप्रिल, रक्कम १,२०,०००. त्याची मुदत १९ मेला संपते. बिल ४३७, तारीख १८ एप्रिल, रक्कम ८०,०००. त्याची मुदत २ जूनला. पार्टीने २० एप्रिलला दोन चेक दिले, एक १९ मेचा १,२०,०००चा आणि दुसरा ३ जूनचा ८०,०००चा.

समजा, नव्या माणसाने २० एप्रिललाच दोन्ही चेक खात्यात जमा धरले. बाकी शून्य झाली. दुसऱ्या दिवशी पार्टीने आणखी अडीच लाखांचा माल मागितला. माल सोडणाऱ्याने खातं पाहिलं, मर्यादेत बसतंय म्हणून माल गेला. आता पार्टीकडे आपले साडेचार लाख अडकले आहेत आणि आपल्याजवळ दोन लाखांचे न वटलेले कागद आहेत. मर्यादा अडीच लाखांची होती, ती कोणाच्या लक्षातही न येता ओलांडली गेली.

नोंद बरोबर ठेवली असती तर २० एप्रिलला खात्यात बाकी २,००,००० दिसली असती, मर्यादेत फक्त ५०,०००ची जागा उरली असती आणि नोंदवहीत त्याच पार्टीचे २,००,०००चे चेक "हातात" दिसले असते. चेक हातात आहेत हे पाहून मालकाने मर्यादा वाढवायची ठरवली, तर तो त्याचा निर्णय. पण तो निर्णय डोळ्यांदेखत व्हायला हवा, नोंदीच्या चुकीमुळे नव्हे.

१९ मेला पहिला चेक भरला. नोंदवहीत "भरला" लिहिलं आणि खात्यात बँक नावे, पार्टी जमा, १,२०,०००, बिल ४१२ पोटी, अशी नोंद केली. २१ मेला चेक परत आला. बँकेच्या मेमोवर कारण होतं, खात्यात पुरेशी रक्कम नाही. बँकेने आपल्याकडून ३५० खर्चही कापला.

परत आलेल्या चेकची नोंद

इथे तीन मोह होतात आणि तिन्ही टाळायचे आहेत.

पहिला मोह, १९ मेची जमा नोंद सरळ पुसून टाकायचा. मी स्वतः सुरुवातीच्या काळात हे केलंय. महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट जुळवायला बसलो, तर स्टेटमेंटमध्ये दोन ओळी, एक जमा आणि एक नावे, आणि आपल्या पुस्तकात एकही नाही. फरक शून्य असल्यामुळे बाकी जुळत होती, म्हणून मला काही वाटलं नाही. पण पुढच्या महिन्यात पार्टीने "माझा चेक कधी परत आला?" असं विचारलं, तेव्हा पुस्तकात दाखवायला काहीच नव्हतं. चेक भरला हे खरं आहे आणि परत आला हेही खरं आहे, म्हणून दोन्ही नोंदी राहिल्या पाहिजेत. परतीची नोंद बँकेने ज्या तारखेला परत केला त्या तारखेची, म्हणजे २१ मेची, आणि उलट बाजूची: पार्टी नावे, बँक जमा, १,२०,०००.

दुसरा मोह जास्त घातक, कारण तो दिसत नाही. परतीची नोंद करताना सॉफ्टवेअर विचारतं, ही रक्कम कोणत्या संदर्भाखाली? घाईत माणूस "नवा संदर्भ" निवडतो आणि नाव देतो "चेक रिटर्न". सॉफ्टवेअर पार्टीची नेहमीची ४५ दिवसांची मुदत त्याला लावतं. आता ही रक्कम ५ जुलैला येणं दिसते. थकबाकीच्या यादीत बिल ४१२ भरलेलं, आणि १,२०,०००ची ताजी उधारी, मुदतीत! म्हणजे ज्या पार्टीचा चेक परत आला, तीच पार्टी यादीत सगळ्यात चांगली दिसू लागते. वसुलीवाला तिला दीड महिना फोन करत नाही.

बरोबर मार्ग असा की परतीची रक्कम मूळ बिलाच्याच संदर्भाखाली लावायची, म्हणजे बिल ४१२ पुन्हा उघडं होतं आणि त्याची मुदत १९ मेचीच राहते. एका चेकने तीन बिलं भागवली असतील तर तिन्ही उघडी करायची, ज्याची जितकी होती तितक्याच रकमेने. "कोणत्या बिलांपोटी" हा रकाना इथे कामाला येतो. वेळेवर पैसे दिल्याबद्दल त्या चेकवर सूट दिली असेल, तर तीही उलटवा. चेक वटलाच नाही तर सूट कसली? ही सूट विसरली जाते, कारण ती वेगळ्या नोंदीत बसलेली असते.

तिसरा मोह, बँकेचे ३५० त्याच आकड्यात मिसळून १,२०,३५० लिहायचा. तसं केलं की ना चेकची रक्कम जुळते ना बिलाची. आधी बँक खर्च नावे, बँक जमा, ३५०. मग तो पार्टीकडून वसूल करायचा असं ठरलं असेल तर वेगळी डेबिट नोट: पार्टी नावे, बँक खर्च जमा, ३५०. पार्टी हा खर्च नाकारू शकते, म्हणून त्याची स्वतंत्र ओळ असलेली बरी. पुढे सोडून द्यायचा झाला तर बिलाला हात लागत नाही.

पार्टीशी बोलणं

मेमोवरचं कारण वाचल्याशिवाय फोन करू नका. सही जुळत नाही, अंक-अक्षरात फरक, खाडाखोड, ही कारणं असतील तर नवीन चेक मागायचा आणि तोपर्यंत फार ताणायचं नाही. पैसे नाहीत असं कारण असेल तर तोच चेक पुन्हा लावण्याआधी पार्टीला विचारायचं, कारण प्रत्येक परतीला खर्च लागतो. पेमेंट थांबवलंय किंवा खातं बंद आहे, असं आलं तर त्याच दिवशी माल थांबवायचा आणि वरच्या माणसाला सांगायचं. पेमेंट थांबवण्यामागे कधी मालाच्या तक्रारीचा वाद असतो आणि तो आपल्याच सेल्समनला माहीत असतो; आधी त्याला विचारा.

आपल्या उदाहरणात संभाषण साधारण असं झालं.

"साहेब, १९ तारखेचा चेक परत आला. पैसे नव्हते असं आहे."

"हो, माझंही एक पेमेंट अडकलं. उद्या पुन्हा लावा."

"उद्या लावतो, पण पुन्हा परत आला तर तुम्हालाही बँकेचा भुर्दंड. नक्की जमेल ना?"

थोडा वेळ शांतता. मग, "नको, थांबा. पन्नास ट्रान्सफर करतो, बाकीचा नवा चेक घ्या."

हा प्रश्न विचारला नसता तर दुसरी परत नक्की होती.

२५ मेला ५०,००० ट्रान्सफर आले. नवा चेक घेताना पार्टीने ३५०ही मान्य केले, म्हणून तो ७०,३५०चा घेतला, तारीख १० जून. आता पार्टीचं खातं असं दिसतं:

| तारीख | तपशील | नावे | जमा | बाकी |
|---|---|---|---|---|
| ४ एप्रिल | बिल ४१२ | १,२०,००० | | १,२०,००० |
| १८ एप्रिल | बिल ४३७ | ८०,००० | | २,००,००० |
| १९ मे | चेक, बिल ४१२ पोटी | | १,२०,००० | ८०,००० |
| २१ मे | चेक परत, बिल ४१२ | १,२०,००० | | २,००,००० |
| २१ मे | बँक खर्च, डेबिट नोट | ३५० | | २,००,३५० |
| २५ मे | ट्रान्सफर, बिल ४१२ पोटी | | ५०,००० | १,५०,३५० |

उघड्या रकमा अशा: बिल ४१२ चे ७०,०००, बिल ४३७ चे ८०,००० आणि खर्चाचे ३५०. बेरीज १,५०,३५०, म्हणजे खात्याची बाकी. नोंदवहीत ३ जूनचा ८०,००० आणि १० जूनचा ७०,३५० असे दोन चेक "हातात" आहेत, त्यांचीही बेरीज १,५०,३५०. दोन्ही बेरजा जुळल्या म्हणजे सगळ्या येण्यापोटी कागद आहे एवढंच समजायचं. मर्यादेसाठी बाकी १,५०,३५०च धरायची. या पार्टीचा एक चेक नुकताच परत आलाय, त्यामुळे मी तर मर्यादेत जागा दिसली तरी ३ जूनचा चेक वटेपर्यंत नवीन उधारी सोडणार नाही.

नोंदवहीत जुन्या चेकची ओळ खोडायची नाही. तिथे "परत आला, २१ मे, रक्कम अपुरी" असं लिहून शेऱ्यात नव्या चेकच्या ओळीचा अनुक्रमांक टाकायचा आणि नव्या ओळीत जुन्याचा. सहा महिन्यांनी या पार्टीची उधारी वाढवायची की नाही असा प्रश्न आला, की कितीदा चेक परत आले हे एका नजरेत दिसतं. एकाच चेकची तिसरी-चौथी बदली चालू असेल, तर ती पार्टी पैसे देत नाहीये, तारखा देतेय.

तारखांचं भान

चेकला आयुष्य असतं आणि कायद्यालाही. हे नियम देशागणिक वेगळे आहेत. भारतात चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. १ एप्रिल २०१२पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१च्या कलम १३८ खाली कारवाई करायची असेल, तर चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर पार्टीला पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात. तक्रारीलाही पुढे मुदत आहे. नोटिशीचा मसुदा वकिलाचा, पण मेमो आपल्याला कोणत्या तारखेला मिळाला हे वकिलाला सांगणारा माणूस आपण असतो. म्हणून मेमोवर मिळाल्याची तारीख हाताने लिहा आणि नोंदवहीत "नोटिशीची शेवटची तारीख" टाका.

आपल्या उदाहरणात मेमो २१ मेला मिळाला, म्हणजे नोटीस २० जूनपर्यंत. नवा चेक १० जूनचा घेतला यामागे हाच हिशोब होता. पार्टी आधी ३० जूनची तारीख देत होती. गोड बोलून घेतलेली लांबची तारीख आपली मुदत खाऊन टाकते, आणि "आधी नवा चेक वटू दे, मग बघू" म्हणता म्हणता जुन्या परतीवरची नोटीस हुकते.

परत आलेला मूळ चेक आणि मेमो पार्टीला लगेच देऊ नका. "नवा दिलाय ना, जुना द्या" असं पार्टी म्हणणारच. नवा चेक वटल्यावर देतो, असं सांगायचं. ३ जूनचा ८०,०००चा चेक ५ जूनला वटला आणि बिल ४३७ बंद झालं. १० जूनचा ७०,३५०चा १२ तारखेला वटला. भरतानाच खात्यात ७०,००० बिल ४१२ ला आणि ३५० डेबिट नोटला लावले होते, ती शून्य बाकी आता पक्की झाली. मग जुना चेक आणि मेमोचा फोटो काढून ठेवला, मूळ कागद पार्टीच्या माणसाला दिला, नोंदवहीतल्या जुन्या ओळीसमोर त्याची सही घेतली आणि नोटिशीची तारीख खोडली.